नमस्कारानंतर काय? पेन्शनच्या काउंटरवरची पहिली दोन मिनिटं

प्रश्न: "नाशिकरोडला एका बँकेत नुकताच काउंटरवर बसायला लागलोय. शाखेत वयस्कर पेन्शनवाले खूप. नमस्कार करतो, हसून बोलतो, पण पुढे गाडी अडते. ते भलतंच काहीतरी सांगत बसतात. मोठ्याने बोललो तर रागावतात, हळू बोललो तर ऐकू जात नाही, आणि मागे रांग वाढत जाते. कसं सांभाळायचं?"

उत्तर:

तुमच्या नमस्कारात काही खोट नाही. गाडी अडते ती त्याच्या पुढच्या वाक्यावर. आपण सवयीने विचारतो, "बोला, काय काम आहे?" तिशीतला माणूस त्याला चार शब्दांत उत्तर देतो. पंचाहत्तरीतले काका मात्र घरातून निघाल्यापासूनची हकीकत सांगायला लागतात. शेजारच्यांचे पैसे आले, आपले आले नाहीत, मुलगा म्हणाला बँकेत जाऊन या, मागे मशीनवर अंगठाच उठला नव्हता. त्यांच्या दृष्टीने हेच काम असतं. तुम्हाला हवी असलेली गोष्ट या हकीकतीत कुठेतरी असते, पण ती नेमकी कोणती हे त्यांना ठाऊक नसतं आणि ते त्यांना ठाऊक असावं अशी अपेक्षाही धरू नये.

म्हणून मी प्रश्न विचारण्याऐवजी पासबुक मागायचो. "नमस्कार काका, या. पासबुक द्या, आधी एंट्री मारून घेऊ." एवढंच. पासबुक द्यायला सगळेच लगेच तयार असतात, कारण ते हातातच असतं. एंट्री छापून होईपर्यंत अर्धा-एक मिनिट जातो. तेवढ्यात ते दम खातात, चष्मा काढतात, पिशवी टेकवतात. तुम्हाला तोपर्यंत नाव कळतं, खातं एकट्याचं आहे की जोडीचं ते कळतं, केवायसी बाकी आहे का ते स्क्रीनवर दिसतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची पेन्शन कधी जमा झाली ते दिसतं. पुढचा प्रश्न तुम्ही या माहितीवरून विचारायचा: "काका, या महिन्याची पेन्शन आलेली आहे. त्यातले काढायचे आहेत का?" याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर लागतं. वयस्कर माणसाला मोकळा प्रश्न जड जातो, हो-नाहीचा प्रश्न सोपा जातो.

हाक कशी मारायची हे माणसावर अवलंबून आहे. काका, मावशी, आजी हे आपल्याकडे चालतंच. पण देवळाली कॅम्पहून येणारे निवृत्त सुभेदार किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या बाई यांना "आजोबा", "आजी" म्हटलेलं रुचतंच असं नाही. पासबुकावर नाव दिसलं की आडनाव घेऊन "साहेब" किंवा "बाई" म्हणणं सुरक्षित. पुढच्या वेळी त्यांनीच सलगी दाखवली तर काका म्हणा.

आता आवाजाचं. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. आपण ओरडतो तेव्हा आवाज वाढतो तसा चिरकाही होतो, म्हणजे जे ऐकू येत नाही तेच आपण वाढवतो. समोरच्याला शब्द कळत नाहीत, चिडलेला चेहरा मात्र दिसतो. म्हणून पट्टी खाली आणा, वेग कमी करा आणि बोलताना स्क्रीनकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. ओठ दिसले की अर्धं काम होतं. काच आडवी येत असेल तर काचेच्या फटीशी तोंड नेण्यापेक्षा एक मिनिट उठून बाजूला या. आणि आकडा कधीच मोठ्याने सांगू नका. "आजी, तुमच्या खात्यात सव्वाचार लाख आहेत!" हे मागच्या रांगेतल्या दहा जणांनी ऐकायची गोष्ट नाही. मी जाड स्केचपेन जवळ ठेवायचो. जुन्या स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरात आकडा लिहायचा, दाखवायचा आणि फाडून टाकायचा.

इथपर्यंतचं सगळीकडे सारखं आहे. पुढचं तुमच्या शाखेवर अवलंबून आहे. दोनच माणसांची शाखा असेल तर जे जमेल ते वेगळं आणि चार काउंटर असतील तर वेगळं. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा किंवा प्राधान्य देणारा काउंटर ठेवायला सांगितलं आहे. तो तुमच्याकडे नुसत्या पाटीपुरता असेल तर मॅनेजरसाहेबांशी बोला. पेन्शन जमा झाल्यानंतरचे चार-पाच दिवस तरी तो खरोखर चालायला हवा.

पेन्शनवाल्यांच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे की तो नीट विचारला तर पुढची अर्धी वणवण वाचते. "तुमची पेन्शन कोणती?" असं विचारू नका. योजनेचं नाव फार थोड्यांना सांगता येतं. "नोकरी कुठे केली?" असं विचारा. बाई फॅमिली पेन्शनवर असतील तर "साहेब कुठे होते नोकरीला?" याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि ते अभिमानाने देतात. नाशिकमध्ये त्या उत्तरावरून रस्ता ठरतो. नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधले जुने कर्मचारी बहुधा केंद्र सरकारच्या पेन्शनवर असतात, त्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो आणि तो बँकेच्या पेन्शन विभागाकडे जातो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. जिल्हा परिषद, पाटबंधारे, पोलीस म्हणजे राज्य सरकार. त्यांच्या याद्या कोषागाराकडून शाखेत येतात आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या नावापुढे सही करायची असते. सैन्यातल्या बहुतेकांची पेन्शन आता स्पर्श प्रणालीतून येते, तिथे बँक म्हणजे फक्त पैसे जमा होण्याची जागा. सातपूर-अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले असतील तर पीएफ कार्यालयाची ईपीएस-95 पेन्शन. त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून 12 महिने चालतो, मग तो मे महिन्यात का दिलेला असेना. अशा माणसाला आपण सवयीने "नोव्हेंबरमध्ये या" असं सांगितलं तर त्याची मुदत मेमध्येच संपून पेन्शन अडकते.

एक प्रसंग नीट सांगतो, म्हणजे हे सगळं एकमेकांत कसं गुंततं ते कळेल.

जानेवारीचा दुसरा आठवडा. एक आजी सिन्नर फाट्यावरून शेअर रिक्षाने आल्या होत्या. पासबुक, आधार कार्ड आणि लाइटबिल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला रबर गुंडाळलेलं. दहा हजारांची विड्रॉल स्लिप नातवाकडून भरून आणली होती. एंट्री मारली तर नोव्हेंबरअखेर फॅमिली पेन्शन जमा झालेली, डिसेंबरअखेर काहीच नाही आणि शिल्लक तीन हजारांच्या थोडी वर.

इथे तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं याला फार महत्त्व आहे. "खात्यात पैसेच नाहीत" म्हटलं तर त्यांना वाटतं कोणीतरी काढून नेले. "पेन्शन बंद झाली" म्हटलं तर त्यांना वाटतं कायमची गेली. दोन्ही वेळा त्या घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही. मी म्हणालो, "आजी, डिसेंबरची पेन्शन थांबून राहिली आहे. बुडालेली नाही. एक कागद पूर्ण झाला की मागचीही मिळेल. आज घरात किती लागणार आहेत?" औषधाला दोन हजार, असं त्या म्हणाल्या. नवीन स्लिप केली आणि दोन हजार आधी हातात दिले. हातात पैसे आले की माणूस स्थिर होतो. कागदाचं बोलणं त्यानंतर.

त्यांचं म्हणणं होतं, "दाखला दिलाय की मी, नातवाने दुकानात नेऊन केला." असं म्हणणारे बरेच जण असतात आणि ते खरंच बोलत असतात. इथे "तसं नाहीये आजी" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. "दुकानातून कागद दिला होता का?" असं विचारायचं. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद निघाला. जीवन प्रमाणचा दाखला, त्यावर प्रमाण आयडी, आजींचं नाव बरोबर. पण पेन्शनच्या प्रकारात फॅमिलीऐवजी सर्व्हिस निवडलेलं आणि खाते क्रमांक पेन्शनच्या खात्याचा नव्हता, पतीसोबतच्या जुन्या जोडखात्याचा होता.

तुमच्या हे लक्षात राहावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. दाखला तयार होणं आणि तो स्वीकारला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारशी अंगठा किंवा चेहरा जुळला की दाखला तयार होतो, मोबाइलवर प्रमाण आयडीही येतो. मग घरच्यांना वाटतं काम झालं. पण पेन्शन देणाऱ्याच्या नोंदीशी पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक आणि पेन्शनचा प्रकार जुळला नाही तर तिकडे तो नाकारला जातो. म्हणून कोणी "दाखला दिलाय" म्हणालं आणि पेन्शन थांबलेली दिसली, की या तीन गोष्टी कागदावरून ताडून पाहायच्या. दाखल्याची स्थिती jeevanpramaan.gov.in वरही पाहता येते.

मागे रांग होती, म्हणून रोकड दिल्यावर आजींना शेजारच्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं. काउंटरवर फक्त पैशाचं काम, कागदाचं काम खुर्चीवर, असं शाखेत ठरवून घेता आलं तर पाहा. रांगेतल्या लोकांना वेळ लागल्याचा तितका राग येत नाही, एकाच माणसापाशी काउंटर अडकून पडला की येतो. उठवताना "तिकडे जा" म्हणू नका. कुठे, कोणापाशी आणि त्या माणसाला काय सांगायचं हे तुम्हीच त्या सहकाऱ्याला त्यांच्यासमोर सांगा. तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली की वयस्कर माणसं थकतात.

दाखला नव्याने करायला घेतला तर बोटं उठेनात. नाशिकच्या थंडीत हात कोरडे पडतात, त्यात आयुष्यभर भांडी-धुणी आणि शेतीचं काम केलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. ओल्या रुमालाने बोट पुसून पुन्हा लावलं की कधी कधी उठतं. दोन-तीनदा नाही उठलं तर तिथेच थांबायचं, कारण प्रत्येक नकारासोबत त्यांना वाटतं की चूक आपलीच आहे. मग चेहऱ्यावरून करायचं. त्यासाठी फोनमध्ये जीवन प्रमाणचं अ‍ॅप आणि AadhaarFaceRD ही दोन्ही लागतात. आजींना खिडकीकडे तोंड करून बसवायचं. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा येतो आणि फोन नाकारत राहतो. चष्मा काढून ठेवायला सांगायचं, फोन आपण धरायचा आणि "आता डोळे मिटा, उघडा" हे शांतपणे सांगायचं. अ‍ॅप पापणी लवण्याची वाट पाहतं हे त्यांना माहीत नसतं. त्या फोटोला बसल्यासारख्या डोळे न हलवता बसतात आणि मग ते होत नाही. चेहऱ्यावरूनही जमलं नाही तर कागदी दाखला आहेच. पेन्शनर समोर हजर असताना बँकेचा अधिकारी त्यावर सही करू शकतो.

या फॉर्ममध्ये एक प्रश्न नाजूक आहे. पुनर्विवाह केला आहे का? सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाईला हा प्रश्न तोंडावर, चारचौघांत, एखाद्या पोराने विचारला की ती दुखावते, आणि का दुखावली हे त्या पोराला कळतही नाही. न विचारता आपणच "नाही" लिहून टाकणंही बरोबर नाही, कारण ते त्यांचं निवेदन आहे. मी फोन त्यांच्याकडे वळवायचो आणि आवाज खाली आणून म्हणायचो, "आजी, सरकारी फॉर्ममध्ये सगळ्यांनाच विचारतात, साहेबांनंतर पुन्हा लग्न केलं आहे का. मी 'नाही' असं भरू ना?" त्यांनी मान हलवली की पुढे.

ओटीपीचंही तसंच. मोबाइल नंबर नातवाचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, त्याला फोन लावावा लागतो. आजींसमोर तो विचारताना एवढं जरूर सांगा: "हा आकडा तुम्ही शाखेत बसलात म्हणून विचारतोय. घरी फोन करून कोणी हयातीच्या दाखल्यासाठी आकडा मागितला तर फोन ठेवून द्या, त्याने माझं नाव सांगितलं तरी." पेन्शनवाल्यांना याच नावाने फोन येतात. त्याच क्षणी, तोच आकडा समोर असताना सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहतं. भिंतीवरचं पोस्टर राहत नाही.

शेवटी कागद. पोचपावती तर द्यायचीच, पण मी एक चिठ्ठीही लिहून द्यायचो, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आजींच्या चिठ्ठीत दाखला दिल्याची तारीख होती, त्याखाली "डिसेंबर आणि जानेवारीचे पैसे बहुतेक जानेवारीअखेर एकदम येतील. 5 फेब्रुवारीपर्यंत आले नाहीत तर हा कागद घेऊन या." बस. तोंडी सांगितलेल्या चार सूचनांतली घरी पोचेपर्यंत एखादीच उरते. चिठ्ठी नातू वाचतो, सून वाचते. "दर आठवड्याला चौकशी करा" असं मात्र कधी लिहू नका. त्या खरंच दर आठवड्याला येतील, रिक्षाचे पैसे खर्च करून.

सोबत आलेल्या माणसाविषयीही लिहायला हवं. मुलगा बरोबर असला की आपण नकळत त्याच्याशीच बोलू लागतो, कारण ते सोपं असतं. खातं आईचं असेल तर बोलणं आईशी. मुलगा उत्तर देऊ लागला तर ऐकून घ्या आणि मग त्यांच्याकडे वळून विचारा, "आजी, असंच करायचं ना?" एरवी हा शिष्टाचार वाटेल. पण एटीएम कार्ड हवं, मोबाइल नंबर बदलायचा, मुदत ठेव मोडायची अशी मागणी शेजारचा माणूस करत असेल तेव्हा हा शिष्टाचार राहत नाही, ती तुमची जबाबदारी होते. अशा वेळी त्या गप्प राहिल्या किंवा जमिनीकडे पाहू लागल्या तर काम थांबवा आणि अधिकाऱ्याकडे न्या.

सही जुळत नसेल तर "सही चुकली" असं काचेतून सांगू नका. हात थरथरतो याची त्यांना आधीच लाज वाटत असते. बसवा, टेबलावर कोपर टेकवू द्या, नवी स्लिप द्या. उभ्याने काउंटरच्या कडेवर केलेली सही आणि बसून केलेली सही यांत पुष्कळ फरक पडतो. तरीही जुळत नसेल तर ओळख पटवून अधिकाऱ्यासमोर अंगठा घ्यावा आणि नव्या सहीचा नमुना किंवा अंगठा खात्यावर नोंदवून घ्यावा, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच प्रकार होणार नाही. आजारपणामुळे जे येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी सोय रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. "त्यांना इथे घेऊन या" असं सांगण्यापूर्वी ही सोय आठवा.

एकच प्रसंग असा आहे जिथे मी वर लिहिलेला संथपणा मुद्दाम वाढवायचा. एखादे काका कानाला फोन लावून, घाम पुसत येतात, ठेव मोडून सगळी रक्कम कुठल्यातरी अनोळखी खात्यात आरटीजीएस करा म्हणतात आणि कशासाठी विचारलं तर उत्तर टाळतात. हल्ली पोलीस किंवा सीबीआय असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर लोकांना धरून ठेवतात. तिथे घाई करू नका आणि त्यांच्यावर संशय घेतल्यासारखंही बोलू नका. "काका, मोठी रक्कम आहे, मॅनेजरसाहेबांची सही लागेल, आत बसा, पाणी घ्या" असं म्हणून आत न्या आणि फोन बंद करायला लावा. डिजिटल अटक असं काही कायद्यात नाही हे वाक्य मॅनेजरने त्यांच्या तोंडावर स्पष्ट सांगावं. पैसे आधीच गेले असतील तर तिथूनच 1930 ला फोन लावून द्यावा, घरी जाऊन करा म्हणू नये, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत तक्रार नोंदवली गेली तरच ते अडवता येण्याची आशा असते.

तुमच्या शाखेत राज्य सरकारचे पेन्शनर किती आणि ईपीएसचे किती याचा एकदा अंदाज घ्या. ईपीएसवाले जास्त असतील तर त्यांच्या दाखल्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते पासबुकाच्या आतल्या पानावर पेन्सिलने लिहून देता येईल. राज्य सरकारवाले जास्त असतील तर कोषागाराची यादी आल्याबरोबर आडनावांनुसार लावून ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं नाव शोधण्यातच सकाळ जाते.